पन्नास मिलिग्रॅमचा हिशेब

फेनिटॉइन हे फिट्स येऊ नयेत म्हणून दिलं जाणारं औषध. जुनं आहे, स्वस्त आहे आणि सहज मिळतं. साठ किलो वजनाच्या एका माणसाला हे औषध रोज ३०० मिलिग्रॅम चालू आहे असं धरू. काही आठवड्यांनी त्याच्या रक्तात औषधाचं प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅम भरतं. फेनिटॉइनसाठी १० ते २० हा कामाचा पट्टा मानतात. त्याच्या खाली बहुतेकांच्या फिट्स आवरत नाहीत आणि वर गेलं की त्रास सुरू होतो. आपल्या या माणसाला अजून अधूनमधून फिट येते, म्हणून डोस ५० मिलिग्रॅमने वाढवून ३५० केला. प्रमाण १० वरून थेट २० वर गेलं. डोस वाढला सहाव्या हिश्श्याने आणि रक्तातलं औषध झालं दुप्पट. आणखी ५० वाढवून ४०० केला, तर हिशेबाने आकडा येतो ८०. तिथवर पोचायच्या कितीतरी आधी माणूस झिंगल्यासारखा चालू लागतो. आणि डोस ४२५ केला तर हिशेबाला उत्तरच सापडत नाही, कारण औषध शरीरात साठतच राहतं.

यात कुठे गोळीची भेसळ नाही की रुग्णाची चूक नाही. हे सगळे आकडे एकाच वक्ररेषेतून निघतात. जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती असते, मायकेलिस-मेन्टेन वक्र या नावाने. परीक्षेसाठी मुलं ती काढतात, तिच्यावर दोन खुणा करतात आणि पान उलटतात. त्या दोन खुणांवर एखाद्या माणसाचं चालणं-बोलणं अवलंबून असू शकतं, हे मात्र फार थोड्या पुस्तकांत नीट सांगितलेलं असतं. म्हणून ही वक्ररेषा इथे औषधाच्याच अंगाने समजून घेऊ.

फेनिटॉइन शरीरातून बाहेर पडतं ते मुख्यतः यकृतामुळे. यकृताच्या पेशींत सिप-टूसी-नाइन नावाचं एक एन्झाइम असतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. एन्झाइम म्हणजे एक प्रथिन. त्याच्या अंगावर एक खाच असते. ठरावीक पदार्थाचा रेणू त्या खाचेत बसतो, तिथे त्याच्यात रासायनिक बदल होतो, बदललेला रेणू सुटून जातो आणि खाच पुढच्या रेणूसाठी मोकळी होते. फेनिटॉइनचा रेणू या खाचेत बसला की त्याला ऑक्सिजनचा एक अणू जोडला जातो. मग तो पाण्यात विरघळण्याजोगा करून लघवीवाटे बाहेर टाकणं शरीराला जमतं. लघवीतून जसंच्या तसं बाहेर पडणारं फेनिटॉइन अगदी थोडं असतं. म्हणजे रोज जेवढं औषध पोटात जातं, जवळजवळ तेवढ्याचा निकाल या एन्झाइमलाच लावावा लागतो.

या कामाला वेळ लागतो, आणि सगळं गणित इथूनच सुरू होतं. पिठाच्या गिरणीची गोष्ट घ्या. सकाळी एखाददुसरा डबा येतो तेव्हा गिरणी बराच वेळ रिकामी असते. डबे दुप्पट आले तर दुप्पट दळण होतं. दिवाळीच्या आधी दारात डब्यांची रांग लागते तेव्हा मात्र जातं क्षणभरही थांबत नाही. आता रांग दहा डब्यांची असो की पन्नास, तासाला दळून होणारं धान्य तेवढंच राहतं. एन्झाइमचं तसंच आहे. आजूबाजूला फेनिटॉइनचे रेणू विरळ असतील तर बहुतेक खाचा मोकळ्या असतात, आणि औषध जेवढं वाढेल तेवढा निकालाचा वेगही वाढतो. रेणू दाटले की जवळजवळ प्रत्येक खाच कायम भरलेली असते. एक रेणू सुटला की लगेच दुसरा बसतो. या अवस्थेला संपृक्तता म्हणतात. आडव्या अक्षावर पदार्थाचं प्रमाण आणि उभ्या अक्षावर कामाचा वेग घेऊन आलेख काढला, तर रेषा सुरुवातीला सरळ चढते, मग वळते आणि शेवटी जवळजवळ आडवी होते. ज्या उंचीकडे ती झुकत जाते, पण जिला कधी टेकत नाही, तो कमाल वेग. सूत्रात त्याला Vmax म्हणतात.

दुसरी खूण तितकी सरळ नाही. वेग कमाल वेगाच्या बरोबर निम्मा होतो तेव्हा पदार्थाचं प्रमाण किती होतं, एवढंच ती सांगते. तिला मायकेलिस स्थिरांक किंवा अर्धसंपृक्ती स्थिरांक म्हणतात आणि Km असं लिहितात. Vmax हा वेग आहे, म्हणजे दिवसाला किती मिलिग्रॅम. Km हे प्रमाण आहे, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम. या दोन एककांची गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. रक्तातलं प्रमाण Km इतकं असेल तेव्हा कुठल्याही क्षणी निम्म्या खाचा भरलेल्या आणि निम्म्या मोकळ्या असतात. संपूर्ण वक्ररेषा एका ओळीत मावते:

v = Vmax × S / (Km + S)

इथे v म्हणजे वेग आणि S म्हणजे पदार्थाचं प्रमाण. S हा Km पेक्षा खूप लहान असेल तर छेदात Km चंच राज्य असतं आणि वेग S च्या पटीत वाढतो. S खूप मोठा असेल तर वरचा S आणि खालचा S जवळपास एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो Vmax. दोन टोकांच्या मधे ही रेषा फार सावकाश वळते. प्रमाण Km इतकं असेल तर वेग ५० टक्के, चौपट असेल तर ८० टक्के, नऊपट असेल तर ९० टक्के. १० टक्के वेगावरून ९० टक्के वेगावर जायला प्रमाण ८१ पट वाढवावं लागतं. ‘संपृक्त झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा एखादी कडी खाड्कन लागली असं वाटतं. प्रत्यक्षात तशी कडी कुठेच नसते. फक्त प्रत्येक पुढच्या पावलाला मिळणारं फळ कमी कमी होत जातं.

ही रेषा पहिल्यांदा नीट मोजली गेली ती साखरेवर. १९१३ साली बर्लिनमधल्या ‘आम उर्बान’ या नगरपालिकेच्या रुग्णालयातल्या छोट्या प्रयोगशाळेत लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेन्टेन या दोघांनी हे काम केलं. मेन्टेन कॅनडाच्या. १९११ साली टोरोंटोहून वैद्यकातली एम. डी. पदवी घेतलेल्या, त्या काळी असं शिक्षण घेणाऱ्या मोजक्या बायकांपैकी एक. दोघांनी घेतलं होतं यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम. ते उसाच्या साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. (तोडलेला ऊस कारखान्याच्या दारात रखडला की त्यातली साखर घटते. त्या घटीत उसाच्या स्वतःच्या इन्व्हर्टेजचाही हात असतो.)

साखरेच्या द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला तर तो उजवीकडे वळतो. साखर तुटून तयार झालेलं मिश्रण त्याला डावीकडे वळवतं. म्हणून प्रकाश किती वळला ते पाहिलं की किती साखर तुटली ते कळतं. युक्ती जुनीच होती. पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी त्याआधी दहा वर्षं तिच्या आधारे मोजमापं केली होती आणि जवळपास हेच सूत्रही मांडलं होतं. पण त्यांच्या मोजमापांत दोन गोम होत्या. एक म्हणजे द्रावणाची आम्लता सांभाळलेली नव्हती, आणि आम्लता बदलली की एन्झाइमचा वेग बदलतो. दुसरी गोम जास्त आडवळणाची. साखरेतून नुकतंच सुटलेलं ग्लुकोज काही काळ आपलं रूप बदलत राहतं आणि त्याबरोबर प्रकाश वळवण्याचं त्याचं मापही बदलतं. म्हणजे उपकरणात दिसणारा आकडा सगळा एन्झाइमच्या कामाचा नसतो. मायकेलिस आणि मेन्टेन यांनी आम्लता बफर घालून स्थिर ठेवली. ठरावीक वेळी नमुना काढून त्यात अल्कली टाकली, एन्झाइम जागच्या जागी थांबवलं, ग्लुकोज स्थिरावू दिलं आणि मगच मोजलं. शिवाय त्यांनी प्रत्येक वेळी फक्त सुरुवातीचा वेग धरला, कारण पुढे पुढे साखर संपत जाते, तयार झालेला माल खाचेत अडकू लागतो आणि वेग भलत्याच कारणाने उतरतो. हे कसब मला त्यांच्या सूत्राइतकंच मोलाचं वाटतं. आजही एखाद्या प्रयोगशाळेतली रेषा विचित्र आली तर आधी हेच तपासतात की वेग खरोखर सुरुवातीचा होता का.

त्यांच्या इन्व्हर्टेजचा Km लिटरमागे ०.०१६७ मोल निघाला. घरच्या भाषेत, लिटरभर पाण्यात सुमारे पावणेसहा ग्रॅम साखर असली की हे एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं. द्रावणात एन्झाइम दुप्पट टाकलं तर Vmax दुप्पट होतो, पण हा पावणेसहा ग्रॅमचा आकडा हलत नाही. कामकरी किती आहेत ते Vmax सांगतो आणि एकेक कामकरी कसा आहे ते Km सांगतो, असा यातला फरक आहे.

Km बद्दल एक गैरसमज पाठ्यपुस्तकांतूनच पसरतो, तो इथेच दूर केलेला बरा. Km लहान म्हणजे एन्झाइमची पदार्थावर पकड घट्ट, असं सर्रास शिकवतात. पुष्कळदा ते खरं असतं, नेहमी नसतं. १९२५ साली जॉर्ज ब्रिग्ज आणि जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दाखवलं की खाच दोन वाटांनी मोकळी होते. रेणू काही न होता परत सुटतो, किंवा त्याचं रूपांतर होऊन तो पुढे जातो. या दोन्ही वाटांच्या वेगांची बेरीज करून तिला रेणू खाचेत बसण्याच्या वेगाने भागलं की Km मिळतो. रूपांतर फार झपाट्याने होत असेल तर पकड घट्ट असूनही Km मोठा येऊ शकतो. (हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) तेव्हा पकडीचा अर्थ काढायचा तो जपून. निम्मा वेग कुठल्या प्रमाणाला गाठला जातो, हा अर्थ मात्र पक्का आहे. औषधाच्या हिशेबाला तेवढा पुरतो.

आता पुन्हा आपल्या माणसाकडे येऊ. फेनिटॉइनसाठी प्रौढांत सरासरीने धरले जाणारे आकडे असे: कमाल वेग शरीराच्या किलोमागे दिवसाला ७ मिलिग्रॅम आणि Km लिटरमागे ४ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाचा Vmax म्हणजे दिवसाला ४२० मिलिग्रॅम. त्याचं यकृत सगळ्या खाचा भरून चोवीस तास राबलं तरी दिवसात यापेक्षा जास्त फेनिटॉइन निकाली काढू शकत नाही. रोजचा डोस तोच ठेवला की काही दिवसांनी आवक आणि जावक सारखी होते आणि रक्तातलं प्रमाण एका पातळीवर स्थिरावतं. तेव्हा वरच्या सूत्रात वेगाच्या जागी रोजचा डोस D लिहायचा, प्रमाणाला C म्हणायचं आणि समीकरण उलटवायचं:

C = Km × D / (Vmax − D)

छेदात एक वजाबाकी आहे. सगळा धोका त्या वजाबाकीत बसलेला आहे. डोस २०० असेल तर छेदात २२० उरतात आणि प्रमाण येतं ३.६. डोस ३०० ला छेद १२० आणि प्रमाण १०. डोस ३५० ला छेद ७० आणि प्रमाण २०. डोस ४०० केला की छेदात उरतात फक्त २० आणि प्रमाण जातं ८० वर. डोस वर चढतो तसा अंश थोडाथोडा वाढतो, पण छेद वितळत जातो. डोस ४२० ला पोचला की छेद शून्य. त्यानंतर रोज येणारं औषध रोज जाणाऱ्या औषधापेक्षा जास्तच राहतं आणि स्थिर पातळी नावाची गोष्टच उरत नाही.

मग बाकीच्या औषधांचं असं का होत नाही? बहुतेक औषधांचं रक्तातलं प्रमाण त्यांच्या एन्झाइमच्या Km पेक्षा पुष्कळ खाली असतं. तिथे रेषा सरळ आहे, डोस दुप्पट केला की प्रमाण दुप्पट. डॉक्टरांची आणि आपली सगळ्यांची सवय त्या सरळ भागावर घडलेली असते. फेनिटॉइनचा कामाचा पट्टा १० ते २० आणि Km ४ च्या आसपास, म्हणजे औषध काम करतं तेच मुळी अडीच ते पाच Km वर. तिथे एन्झाइम कमाल वेगाच्या ७१ ते ८३ टक्क्यांवर आधीच धावत असतं. हाताशी फार थोडी ताकद शिल्लक असते. औषध प्रभावी व्हायला रेषेच्या वळणावर जावंच लागतं, ही या औषधाची खरी अडचण आहे. Km चा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. तो प्रत्यक्षातल्या प्रमाणाशेजारी ठेवला की आपण सरळ भागावर आहोत की वळणावर ते लगेच दिसतं.

वेळेचाही यात फास आहे. डोस ३०० वरून ३५० केला त्या दिवशी आवक-जावकीत फरक फक्त ५० मिलिग्रॅमचा असतो. फेनिटॉइन या माणसाच्या शरीरात सुमारे ३९ लिटरभर पसरतं, तेव्हा पहिल्या दिवशी प्रमाण वाढतं सव्वाच्या आसपास. प्रमाण वाढतं तसा जावकीचा वेगही थोडा वाढतो आणि दरी अरुंद होत जाते. आठवड्याने रक्त तपासलं तर आकडा दिसतो साधारण १५. बघणाऱ्याला वाटतं, छान बसलं, अजून थोडी जागा आहे. खरं तर प्रमाण चढतंच आहे. १९ गाठायला त्याला आणखी जवळपास तीन आठवडे लागतात. या मधल्या काळात, आठवड्याच्या तपासणीवर भरवसा ठेवून कुणी डोस पुन्हा ५० ने वाढवला तर रुग्ण महिनाभराने त्रास घेऊन परत येतो, आणि तोवर त्या वाढीची आठवणही पुसट झालेली असते.

त्रासाची एक ठरावीक चाल असते. प्रमाण २० च्या वर गेलं की बाजूला बघताना बुबुळं बारीक थरथरू लागतात. घरच्यांना ते दिसत नाही, डॉक्टर बोट हलवून पाहतात ते यासाठी. ३० च्या पुढे चाल बिघडते, पाय फाकून चालावं लागतं, बोलणं जड होतं. शेजारीपाजारी दारू प्यायला म्हणून मोकळे होतात. ४० च्या वर गुंगी आणि गोंधळ. प्रत्येकाच्या बाबतीत हे आकडे थोडे मागेपुढे होतात, क्रम मात्र बहुतेक हाच. आणि एक विपरीत गोष्ट अशी की प्रमाण फार वाढल्यावर काहींना फिट्सही वाढतात. ते बघून डोस आणखी वाढवला तर अनर्थ होतो. म्हणून अशा वेळी आधी रक्तातलं प्रमाण बघायचं.

फेनिटॉइन आणि ही वजाबाकी यांचा सगळ्यात बोलका प्रसंग १९६८ साली ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये घडला. फेनिटॉइन घेणाऱ्या बऱ्याच रुग्णांना अचानक विषबाधेची लक्षणं दिसू लागली. कुणाचाही डोस वाढवलेला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की कॅप्सूलमध्ये भर म्हणून वापरली जाणारी पूड बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, नंतर लॅक्टोज आलं. दोन्ही स्वतः निरुपद्रवी. पण कॅल्शियम सल्फेटमुळे थोडं औषध आतड्यातून शोषलं न जाता वाया जात होतं आणि लॅक्टोज आल्यावर ते शोषलं जाऊ लागलं. सरळ भागावरच्या औषधाच्या बाबतीत एवढा फरक कुणाच्या लक्षातही आला नसता. इथे रुग्ण वळणावर उभे होते. आपल्या माणसाला रोज खरोखर ३०० मिळत होते आणि गोळी तीच राहून ३५० मिळू लागले तर काय होतं, ते वर पाहिलंच.

डोस तोच राहून उलट बाजूनेही गोष्ट बिघडू शकते, म्हणजे Vmax खाली येऊन. समजा काही कारणाने एन्झाइमची ताकद पाचव्या हिश्श्याने घटली. ४२० चे ३३६ झाले. डोस ३०० च, पण छेदात आता १२० ऐवजी ३६ उरतात आणि प्रमाण १० वरून ३३ वर जातं. हे नुसतं कागदावरचं नाही. क्षयरोगावर दिलं जाणारं आयसोनियाझिड आणि बुरशीच्या संसर्गावर दिलं जाणारं फ्लुकोनॅझोल ही दोन्ही औषधं फेनिटॉइनचा निकाल लावणाऱ्या यंत्रणेला अडवतात. क्षयाच्या उपचारात रिफाम्पिसिनही असतं आणि ते उलट एन्झाइम वाढवतं, त्यामुळे एखाद्या रुग्णात काटा कुठल्या बाजूला झुकेल ते रक्त तपासल्याशिवाय सांगता येत नाही. काही माणसांत सिप-टूसी-नाइनचं जनुकच थोडं वेगळं असतं आणि त्यांचं एन्झाइम जन्मापासूनच मंद असतं. त्यांना सरासरी डोससुद्धा जड जातो.

तेव्हा सरासरीचे ७ आणि ४ हे आकडे सुरुवातीपुरतेच. एखाद्या माणसाचे स्वतःचे Vmax आणि Km काढायला दोन वेगवेगळे डोस आणि त्या डोसांवर स्थिरावलेली दोन प्रमाणं पुरतात. वरचंच समीकरण थोडं फिरवलं की D = Vmax − Km × (D/C) अशी सरळ रेषा मिळते. समजा एका रुग्णाला २५० वर १० आणि ३०० वर २० भरले. पहिल्या वेळी D/C आला २५, दुसऱ्या वेळी १५. डोस ५० ने वाढला आणि D/C १० ने घटला, म्हणून Km झाला ५० भागिले १०, म्हणजे ५. Vmax झाला २५० अधिक ५ गुणिले २५, म्हणजे ३७५. आता विचारा की याला ३५० द्यावे का. छेदात २५ उरतात आणि प्रमाण येतं ७०. पहिल्या माणसाला जो डोस जेमतेम चालला, तो याला आजारी पाडेल. कागदावरचं हे दोन मिनिटांचं काम आहे. फेनिटॉइनचा डोस बदलताना ते वापरलं जावं असं मला मनापासून वाटतं.

या हिशेबाला काही मर्यादा आहेत. रक्तातलं सुमारे ९० टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. मेंदूत पोचतं ते उरलेलं मोकळं औषध. कुपोषण, यकृताचा आजार किंवा मूत्रपिंडाच्या आजारात अल्ब्युमिन घटलेलं असेल तर अहवालावरचा एकूण आकडा १० चाच दिसतो, पण मोकळं औषध नेहमीपेक्षा जास्त असतं. शिवाय गोळीत बहुधा फेनिटॉइन सोडियम असतं आणि १०० मिलिग्रॅममध्ये खरं फेनिटॉइन ९२ च्या आसपास. दोन रूपांत अदलाबदल करताना एवढ्यानेही फरक पडतो. आणि दोन डोसांचा हिशेब तेव्हाच खरा, जेव्हा दोन्ही वेळी प्रमाण खरोखर स्थिरावलेलं असतं आणि गोळ्या चुकलेल्या नसतात. चुकलेल्या गोळ्यांनी प्रमाण उतरतं, डोस कमी पडतोय असं वाटतं, डोस वाढवला जातो आणि रुग्ण नियमित घेऊ लागला की तोच डोस अंगावर येतो.

आपल्याकडे फेनिटॉइनची १०० मिलिग्रॅमची गोळी सगळ्यात प्रचलित आहे. एक गोळी वाढवणं हे बोलायला सोपं, पण वळणावरच्या माणसाला ती फार मोठी उडी आहे. प्रमाण कामाच्या पट्ट्यात आलेलं असेल तर वाढ २५ ते ३० मिलिग्रॅमचीच करावी, त्यासाठी लहान ताकदीच्या गोळ्या असतात. घरात कुणी हे औषध घेत असेल तर डोस आपल्या मनाने वाढवू नका आणि अचानक बंदही करू नका, बंद केल्याने थांबता न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. दुसऱ्या कुठल्याही आजारासाठी डॉक्टरांकडे गेलात तर फेनिटॉइन चालू आहे हे आधी सांगा. मेडिकलवाल्याने दुसऱ्या कंपनीची गोळी हातात ठेवली तर ती सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि रक्त द्यायला जाताना डोस शेवटचा कधी बदलला ती तारीख चिठ्ठीवर लिहून न्या. ती तारीख माहीत नसेल तर अहवालातल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.